कोरा चेक, भरगच्च युक्तिवाद

आमच्या बँकेच्या नाट्यमंडळात मी लेखक आहे, याचं कारण मला लिहिता येतं हे नसून मला अभिनय येत नाही हे आहे. एका वर्षी मला दरवाज्यातून आत येऊन "साहेब, चहा" एवढंच म्हणायचं होतं. ते मी असं काही म्हटलं की प्रेक्षकांना चहात विष आहे असं वाटलं आणि पुढचा अर्धा तास ते साहेबांच्या मरणाची वाट बघत बसले. तेव्हापासून मंडळाने मला कागद आणि पेन देऊन विंगेच्या मागे ठेवलं आहे.

त्या वर्षी मी कोर्टाची एकांकिका लिहायचं ठरवलं. कोर्टाच्या नाटकाला सेट स्वस्त पडतो. दोन टेबलं, उंचावर एक खुर्ची आणि लाकडी कठडा एवढ्यात भागतं. शिवाय शेवटी वकील उठून बोलतो, आणि नाटकभर लेखकाला जे सांगायचं असतं ते त्याच्या तोंडून एका दमात सांगून टाकता येतं. हा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटत होता, कारण जे सांगायचं ते संवादांतून सांगायला कला लागते आणि भाषणातून सांगायला फक्त फुप्फुसं लागतात.

गोष्ट अशी. सीताराम नावाचा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. मुलीच्या लग्नात शेजारच्या दुकानदाराकडून चाळीस हजार उसने घेतो आणि तारण म्हणून सही केलेला कोरा चेक देतो. पैसे हप्त्याहप्त्याने फेडतो, पण चेक परत मागायचा राहतो. शेजाऱ्याकडून चेक परत काय मागायचा, असं त्याला वाटतं. पुढे दोन घरांमधल्या भिंतीवरून भांडण होतं. दुकानदार चेकवर तीन लाखांची रक्कम टाकतो, बँकेत भरतो आणि चेक परत येतो. सीतारामची बाजू मांडायला उभी राहते ॲडव्होकेट गार्गी. वय पंचवीस, आयुष्यातली पहिली केस. विषय म्हणजे विश्वास. नाव ‘कोरा चेक’.

चेक परत कसा जातो हे मला झोपेतही सांगता येईल. ‘अपुरी शिल्लक’ असा मेमो मी स्वतः शेकडो वेळा लावला आहे. पण चेक परत गेल्यावर गिऱ्हाइकाचं पुढे काय होतं, याचा विचार बँकेतला माणूस करत नाही. तो मेमो स्टेपल करतो आणि पुढचा चेक घेतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्यामुळे चेक संध्याकाळी परत जातो आणि सकाळी पोलीस सीतारामच्या दारात उभे असतात. पुढच्या प्रवेशात बेड्या. आणि शेवटी गार्गीचा साडेचार पानांचा अंतिम युक्तिवाद. त्यात कोऱ्या चेकची तुलना भूमातेशी होती, द्यूतसभेतल्या द्रौपदीशी होती आणि एका ठिकाणी, का ते आता आठवत नाही, सह्याद्रीशीही होती. सुरुवात होती "ज्युरीतील सभ्य स्त्री-पुरुषहो!" आणि ऐन शेवटी मागून आवाज येतो, "थांबा!", आणि सीतारामची मुलगी सगळ्या हप्त्यांच्या पावत्या घेऊन धावत कोर्टात शिरते.

हे वाचून दाखवायला मी आमच्या मेव्हण्याला गाठलं. तो बायकोचा धाकटा भाऊ, तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि अर्धं आयुष्य त्याने चेकच्याच केसेसमध्ये घालवलं आहे. रविवारी दुपारी त्याने मांडी घालून ऐकलं. मध्ये एकदाच बोलला, बेड्यांच्या प्रवेशात.

"दाजी, कशाबद्दल अटक केली?"

"चेक बाउन्स."

"ही पोलिसांची केसच नाही हो. एकशे अडतीस कलम. मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस. नाही भरले, तर तिथून महिन्याच्या आत फिर्यादीने स्वतः कोर्टात तक्रार करायची. मग समन्स. बेड्या कुठून आणल्या?"

बेड्या मी भाड्याने ठरवून आलो होतो. ॲडव्हान्स दिला होता. ते सांगितलं नाही.

युक्तिवाद संपल्यावर माझे डोळे भरून आले होते. मेव्हण्याने खिशातून पेन काढलं आणि वहीच्या समासात दर दोन-तीन ओळींना एकच प्रश्न लिहीत गेला: ‘नि.?’

"हे नि काय?"

"निशाणी. कोर्टात जो कागद पुराव्यात येतो त्यावर निशाणी क्रमांक पडतो. युक्तिवादात तुम्ही जे काही म्हणाल ते कुठल्या तरी निशाणीत असलं पाहिजे. तुमची गार्गी म्हणते, सीतारामने चाळीस हजार फेडले. कुठे आलंय? कुणी सांगितलं पिंजऱ्यात? दुकानदाराच्या उलटतपासणीत विचारलंय का?"

"ते प्रेक्षकांना माहीत आहे ना. पहिल्या प्रवेशात."

"प्रेक्षकांना माहीत असू दे. जजना माहीत नाही. आणि ही पोरगी पावत्या घेऊन धावत येते, तिला कोर्टाचा शिपाई दारातच थांबवेल. पुरावा संपला, युक्तिवाद चालू आहे, आता नवीन कागद असा पळत येत नाही. अर्ज करावा लागतो, समोरच्या वकिलाचं म्हणणं घ्यावं लागतं, मग साहेब हुकूम करतात. ‘थांबा’ म्हणायचा अधिकार फक्त त्यांचा."

ज्युरीवर त्याने समासात काही लिहिलं नाही, फक्त माझ्याकडे दयेने पाहिलं. मग माझ्या बायकोने चहा आणला आणि चहाबरोबर त्याने मला नानावटी खटला सांगितला, कारण त्याच्या मते प्रत्येक मराठी नाटकवाल्याला तो माहीत असायला हवा. 1959 साली मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सेशन्स जजना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने दोषी ठरवलं आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. ज्युरीवर लोकांचा विश्वास तसाही डळमळतच होता. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

"म्हणून," मेव्हणा म्हणाला, "तुम्ही इंग्रजी सिनेमात बघता तसं बारा जणांपुढे येरझारा घालत बोलणं आपल्याकडे नाही. त्या बारा जणांना फक्त दोषी की निर्दोष एवढंच सांगायचं असतं, का ते लिहावं लागत नाही. आमच्या साहेबांना का ते लिहावं लागतं. वरच्या कोर्टात ते टिकावं लागतं. आमचा युक्तिवाद म्हणजे साहेबांना निकाल लिहायला दिलेली मदत. सह्याद्रीवर ते काय लिहिणार?"

मी त्याला सांगितलं नाही, पण एक युक्ती मी सरळसरळ इंग्रजी सिनेमातूनच उचलली होती. ‘अ टाइम टू किल’ नावाचा 1996 चा सिनेमा आहे. त्यातला तरुण वकील शेवटी ज्युरीला डोळे मिटायला सांगतो, एका काळ्या मुलीवर काय अत्याचार झाले ते सविस्तर सांगतो आणि सरतेशेवटी म्हणतो, आता ती मुलगी गोरी आहे असं समजा. सगळा सिनेमा त्या एका वाक्यासाठी असतो. माझ्या गार्गीनेही न्यायाधीशांना डोळे मिटायला सांगितले होते. मेव्हण्याने ती ओळ दोनदा वाचली.

"दाजी, दुपारच्या सत्रात जजना डोळे मिटायला सांगणं धोक्याचं आहे."

नंतर मी ज्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला ती वाचली. जॉन ग्रिशमची, 1989 ची. तिथे ते डोळे मिटणं वकिलाच्या युक्तिवादात नाहीच! ज्युरीच्या खोलीत, बंद दाराआड, एक ज्युरर बाई ते इतरांना करायला लावते. सिनेमावाल्यांनी ते तिथून उचलून वकिलाच्या तोंडी घातलं, कारण बंद दाराआड नायक नसतो. म्हणजे मी ज्याला कोर्ट समजत होतो ते पटकथाकाराचं कोर्ट होतं.

मेव्हण्याने मला खरा युक्तिवाद बघायला बोलावलं. मी रजा टाकून गेलो. कोर्टाबाहेरच्या बोर्डावर त्या दिवसाची प्रकरणं टाचलेली होती, त्यांची रांग पानाच्या खाली संपून मागच्या पानावर गेली होती. आत लोकांची ही गर्दी, आणि त्यातले निम्मे फक्त पुढची तारीख घ्यायला आलेले. मी मागच्या बाकावर बसलो आणि सवयीने पायावर पाय टाकला. शिपायाने लांबूनच हाताने खूण केली, पाय खाली. मी पाय खाली घेतला. हातोडा शोधला, नव्हता. गीता शोधली, तीही नव्हती. साक्षीदाराने शपथ नुसती तोंडाने म्हटली. न्यायाधीशांना ‘मायलॉर्ड’ कोणी म्हणत नव्हतं, सगळे ‘सर’ म्हणत होते. माझ्या नाटकात एकट्या गार्गीनेच तो शब्द तोंडातून इतक्या वेळा काढला होता की मायलॉर्डनाही संकोच वाटला असता.

एका तरुण वकीलबाईंनी फाइल उघडली. फाइलीत पिवळ्या, गुलाबी चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त्या बोलायला लागल्या आणि मी वही काढून बसलो. त्या काय बोलत होत्या ते मी तसंच्या तसं उतरवून घेतलं नाही, कारण मी युक्तिवाद सुरू व्हायची वाट बघत होतो. एवढं ऐकू आलं:

"सर, निशाणी पंधरा, उलटतपासणी, पान तीन, तिसरा परिच्छेद. फिर्यादी म्हणतो, पैसे कोणत्या तारखेला दिले हे सांगता येणार नाही. पान चार, पैसे कुठून आणले याचा कागद दाखल केलेला नाही. निशाणी बावीस, त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र. त्यात ही रक्कम येणे म्हणून दाखवलेली नाही."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "पान चार, कुठला परिच्छेद?"

"दुसरा, सर."

त्यांनी पान उलटलं, वाचलं, आणि पेनाने खाली रेघ मारली. समोरच्या वकिलांनी दोन निवाडे दिले, थोडं बोलले. प्रकरण निकालासाठी ठेवलं आणि पुढचा पुकारा झाला.

मी मेव्हण्याच्या कानात विचारलं, "युक्तिवाद कधी आहे?"

"झाला."

"कधी?"

"साहेबांनी रेघ मारली ना, तेव्हा."

कँटीनमध्ये बसल्यावर त्याने मला ते समजावून सांगितलं, आणि ते सांगताना तो एकदम माझ्या नाटकापेक्षा चांगला बोलला. चेकवरची सही आरोपीने कबूल केली की कायदा फिर्यादीच्या बाजूने गृहीत धरून चालतो: चेक देणं भागवायलाच दिला होता. हे कलम एकशे एकोणचाळीसचं गृहीतक. मजकूर दुसऱ्याच्या हातचा आहे, शाई वेगळी आहे, असं कितीही ओरडलं तरी त्याने भागत नाही. सही केलेला कोरा चेक स्वतःहून दिला असेल तर तो भरायचा हक्क धारकाला मिळतो. माझ्या खर्ड्यात गार्गी पानभर शाईवरच बोलली होती. मग आरोपीने करायचं काय? गृहीतक हलवायचं. त्यासाठी गुन्हा झालाच नाही असं पक्कं सिद्ध करावं लागत नाही, आरोपीची बाजू संभवनीय वाटली तरी पुरते. आणि त्यासाठी आरोपीने पिंजऱ्यात येऊन रडायलाही लागत नाही, फिर्यादीच्याच उलटतपासणीतून ते काढता येतं. दुकानदाराकडे त्या वेळी तीन लाख होते का? असले तर कुठून आले? कोणत्या दिवशी दिले? कुणासमोर? एवढे पैसे लिखापढीशिवाय कसे दिले?

"तुमच्या नाटकाचा युक्तिवाद," तो म्हणाला, "उलटतपासणीत लिहा. शेवटी फक्त तो वाचून दाखवायचा."

मला तेव्हा लक्षात आलं की ज्या कोर्टातल्या गोष्टी मनात राहतात, त्यांतही हेच केलेलं असतं. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये ॲटिकस फिंच शेवटी बोलतो ते आपल्याला भारी वाटतं. पण त्याच्या आधी त्याने तक्रार करणाऱ्या मुलीच्या बापाला कोर्टात कागदावर सही करायला लावलेली असते, त्यात तो डावखुरा आहे हे दिसतं, मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार असतो, आणि आरोपी टॉमचा डावा हात कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला असतो. हे सगळं आधी मांडून झालेलं असतं, म्हणून शेवटी तो वंशद्वेषावर बोलू शकतो. माझी गार्गी विश्वासावर बोलत होती, पण नाटकात विश्वासाचा एकही कागद दाखल झाला नव्हता. निशाणी पडलीच नव्हती.

घरी जाऊन मी उलटतपासणी लिहायला बसलो. जबान्या कशा लिहितात हे मेव्हण्याने दाखवलं होतं. वकील प्रश्न विचारतो, पण कागदावर उत्तरच उतरतं, आणि वकिलाने सुचवलेलं साक्षीदाराने नाकारलं की लिहितात, ‘हे म्हणणे खरे नाही की...’ मला ते वाक्य इतकं आवडलं की बायकोने भाजी आणली का विचारल्यावर मी म्हणालो, "हे म्हणणे खरे नाही की मी भाजी आणली नाही." तिने भाजीचा विषय तिथेच सोडला. मी मात्र दुकानदाराची उलटतपासणी तीन मुद्द्यांवर बांधली. पैसे दिल्याची तारीख? आठवत नाही. पैसे कुठून आणले? घरातच होते. आयकर विवरणपत्रात दाखवले का? नाही. आणि शेवटी गार्गीचा युक्तिवाद साडेचार पानांवरून अर्ध्या पानावर आला. सह्याद्री गेला, द्रौपदी गेली. तीन मुद्दे आणि त्यानंतर एकच वाक्य माझं, नाटकाच्या विषयाचं: "सर, सही आरोपीने विश्वासाने केली, रक्कम फिर्यादीने हिमतीने भरली."

मेव्हण्याने ते एक वाक्य तेवढं ठेवू दिलं. "साहेब ते लिहून घेणार नाहीत," तो म्हणाला, "पण ऐकतील."

आता मंडळाविषयी थोडं सांगायला हवं. गार्गीचं काम करणारी मुलगी आमच्याच शाखेत कॅश काउंटरवर बसते. तिला साडेचार पानं पाठ झाली होती. ती अर्ध्या पानावर आल्यावर तिने मला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "सर, माझ्या कामात काही चुकलं का?" न्यायाधीश होते आमचे निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क. हातोडा नाही म्हटल्यावर ते नाराज झाले, कारण तो त्यांनी घरून आणला होता. पण खरा प्रश्न दुकानदाराचा होता. ते काम अकाउंट्समधल्या एका सीनिअर साहेबांकडे. माणूस इतका काटेकोर की चहाच्या वर्गणीचा हिशोबही दोन दशांशांपर्यंत लिहितात. तालमीत त्यांनी "आठवत नाही" हे वाक्य कधी नीट म्हटलं नाही.

"तीन लाख दिले आणि तारीख आठवत नाही? असा माणूसच नसतो."

"साहेब, तो खोटं बोलतोय म्हणून आठवत नाही."

"खोटं बोलणारा तर आधी तारीख ठरवून येईल."

मला हे तेव्हाही बरोबर वाटलं होतं. पण संहिता माझी होती आणि तीन मुद्द्यांतला एक जरी निखळला तरी शेवट कोसळणार होता, म्हणून मी त्यांना हात जोडले.

एकांकिका स्पर्धेच्या दिवशी पहिले दोन प्रवेश छान झाले. भाड्याच्या बेड्या परत करायच्या राहिल्या होत्या, त्या विंगेत टेबलावर पडल्या होत्या. उलटतपासणी सुरू झाली. गार्गीने विचारलं, "पैसे कोणत्या तारखेला दिलेत?"

साहेबांनी प्रेक्षकांकडे पाहिलं. समोर त्यांची बायको, दोन्ही मुलं आणि हेड ऑफिसचे लोक बसले होते. तीस वर्षांची शिस्त उसळून आली असावी. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "26 जानेवारी 2019. सकाळी साडेअकरा वाजता बँकेतून तीन लाख काढले आणि थेट आरोपीच्या हातात दिले."

तारीख गेली. पैसे कुठून आले हेही त्याच उत्तरात गेलं. माझ्या शेवटाचे तीनपैकी दोन खांब त्या गृहस्थाने एका श्वासात उखडून टाकले. मी विंगेत संहिता हातात धरून पानं पुढे-मागे उलटू लागलो, जणू कुठल्या तरी पानावर यावरचा उपाय मी लिहून ठेवला असेल. गार्गी क्षणभर गप्प राहिली. मग तिने विवरणपत्राचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर साहेबांनी बिचाऱ्यांनी संहितेप्रमाणे दिलं, "नाही दाखवले," आणि खाली बसले. चेहऱ्यावर समाधान.

तिसऱ्या प्रवेशात ती युक्तिवादाला उभी राहिली. माझ्या कागदावर पहिलं वाक्य होतं, "सर, फिर्यादीला पैसे दिल्याची तारीख सांगता आली नाही." ते आता म्हणता येत नव्हतं, कारण सगळ्या सभागृहाने तारीख ऐकली होती. मी विंगेतून तिला हाताने खुणावलं, सोड, विषयाच्या वाक्यावर ये. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती न्यायाधीशांकडे बघत सावकाश म्हणाली:

"सर, फिर्यादीने शपथेवर सांगितलं आहे की 26 जानेवारीला सकाळी साडेअकरा वाजता त्याने बँकेतून तीन लाख रुपये काढले. सर, 26 जानेवारीला बँक बंद असते."

सभागृहात निम्मे बँकवाले होते. आधी एक हसला, मग ओळीच्या ओळी हसल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. दुकानदाराच्या खुर्चीत बसलेल्या साहेबांनी कपाळावर हात मारला, तो अभिनय नव्हता. टाळ्या ओसरल्यावर तिने विवरणपत्राचा मुद्दा मांडला आणि मग माझं वाक्य म्हटलं, सही विश्वासाने, रक्कम हिमतीने. त्या टाळ्यांनंतर ते वाक्य कोणाच्या कानात शिरलं असेल असं मला वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही नव्हती. विषय आधीच पोहोचला होता. ज्याने सगळं भरून दिलं त्या माणसाचं खोटं त्याच्याच तोंडून बाहेर आलं होतं. आमचे हेडक्लार्क मात्र निकालाचं वाक्य विसरले. ते म्हणाले, "हो, सुट्टी असते, खरं आहे," आणि पडदा पडला.

बाहेर मेव्हणा भेटला. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"दाजी, हे तुम्ही लिहिलं?"

मी ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही.

"मानलं. युक्तिवादात पुराव्याबाहेरचं काही आणता येत नाही म्हणालो होतो ना, त्यातली एक फट तुम्ही बरोबर हेरली. पुरावा कायदा, कलम सत्तावन्न. राजपत्रात जाहीर झालेल्या सार्वजनिक सुट्ट्यांची दखल कोर्ट आपणहून घेतं. त्याला साक्षीदार लागत नाही, निशाणी लागत नाही. 26 जानेवारीला सुट्टी होती हे सिद्ध करायची गरजच नाही!"

(आता तो कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला आहे, पण सुट्ट्यांची दखल नव्या कायद्यातही तशीच घेतली जाते.)

निकाल जाहीर झाला. सांघिक क्रमांकात आम्ही कुठेच नव्हतो. लेखनाचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मात्र मला मिळालं. परीक्षकांनी बोलताना उलटतपासणीत पेरलेल्या सुट्टीच्या धाग्याचा खास उल्लेख केला आणि लेखकाची बांधणीवर पकड आहे असं म्हणाले. मी व्यासपीठावर जाऊन ते घेतलं. अकाउंट्सच्या साहेबांनी खालून टाळ्या वाजवल्या, पण दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले की लेखनाच्या मानधनात, असलं तर, त्यांचा वाटा किती धरायचा ते लेखी कळवावं. मानधन नव्हतं, तेही मी त्यांना लेखी कळवलं. कॅश काउंटरवरच्या मुलीने काहीच मागितलं नाही. तिने फक्त विचारलं की पुढच्या वर्षी तिला साडेचार पानांचं काही देता येईल का.

‘कोरा चेक’ची संहिता माझ्याकडे आहे. कोणत्याही हौशी मंडळाला करायची असल्यास विनामूल्य मिळेल. बेड्या लागत नाहीत, हातोडाही नाही. फक्त 26 जानेवारीचं वाक्य वापरायचं असेल तर परवानगी माझी नाही, अकाउंट्स विभागाची आणि कॅश काउंटरची घ्यावी लागेल, आणि ती सुट्टीचा दिवस सोडून मागावी.